गावाचा धर्मराज आणि घरातली साद

डिचोली तालुक्यातील एका गावातून हे जोडपे माझ्याकडे आले ते जमिनीच्या एका तुकड्यामुळे. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर विवाहाबरोबर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि स्थावर मालमत्ता विकायची झाल्यास दोघांच्याही सह्या लागतात. पतीला रस्त्याकडेचा एक छोटा भूखंड विकून त्यातील मोठी रक्कम एका जुन्या मित्राच्या उपचारांसाठी द्यायची होती, आणि सव्वीस वर्षांच्या संसारात कधीही आडकाठी न केलेल्या पत्नीने सही करण्यास नकार दिला होता. पैशांचा प्रश्न असता तर ती दोघे वकिलाकडे गेली असती. मुलीने त्यांना समुपदेशनासाठी पाठवले, कारण नकार देताना आईने जे वाक्य उच्चारले ते जमिनीविषयी नव्हतेच. ती म्हणाली होती, "तुमची दया सगळ्या गावाला मिळते, मला मात्र सही करायचा कागद तेवढा मिळतो."

हे प्रकरण एकाच घराचे नाही. माझ्या कामात भेटलेल्या अनेक जोडप्यांच्या गोष्टी एकत्र गुंफून, ओळख पटणार नाही अशा रीतीने ते मी रचले आहे. पुढे येणारे वहीतले आकडेही त्याच रचनेचा भाग आहेत, म्हणून त्यांच्याकडे मोजण्याची रीत दाखवणारे उदाहरण म्हणून पाहावे. गावात हाक मारतात त्याप्रमाणे येथे पतीला भाई व पत्नीला वहिनी म्हटले आहे. भाई अठ्ठावन्न वर्षांचे. 2012 साली खाणी बंद पडेपर्यंत त्यांचे दोन ट्रक होते, नंतर त्यांनी हार्डवेअरचे दुकान टाकले. देवस्थान समितीत त्यांचा शब्द चालतो, जत्रेतल्या नाटकाचा पडदा त्यांच्याशिवाय वर जात नाही, आणि रात्री दोन वाजता कुणाला बांबोळीच्या इस्पितळात न्यायचे असेल तर पहिला फोन त्यांनाच येतो. वहिनी चोपन्न वर्षांच्या. त्या घर व परसबाग सांभाळतात आणि गावातील बायकांच्या बचतगटाचे काम पाहतात. मुलगी पणजीला नोकरी करते आणि तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू होते, ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली.

पहिल्या भेटीत मी दोघांशी वेगवेगळे बोलले. तसे बोलणे आवश्यकच असते, कारण घरात मारहाण, धाक किंवा पैशांची कोंडी असेल तर पुढे सांगितलेला कोणताही उपाय करू नये. भीतीने दिलेल्या प्रतिसादाला दयाळूपणा समजले जाते आणि त्रास सोसणाऱ्यावरच आणखी एक काम लादले जाते. येथे तसे काही नव्हते. मग मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला: मुलीसाठी मुलगा पाहताना तुम्ही कोणता गुण पहिला धराल? एकमेकांचे उत्तर ठाऊक नसताना दोघांनीही "स्वभावाने चांगला" असेच म्हटले. नोकरी, घर, गोत्र, दिसणे हे सारे त्यानंतर.

यात नवल काहीच नव्हते. डेव्हिड बस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अनेक देशांतील सहकाऱ्यांसह केलेले आणि 1989 च्या सुमारास प्रसिद्ध झालेले सर्वेक्षण 33 देशांतील 37 नमुन्यांवर आधारलेले होते आणि त्यात दहा हजारांहून अधिक माणसांनी भाग घेतला होता. जोडीदारातील तेरा गुणांना क्रम लावण्यास सांगितले असता, एकत्रित क्रमवारीत स्त्रिया व पुरुष दोघांकडूनही "दयाळू आणि समजूतदार" हा गुण पहिला आला आणि बुद्धिमत्ता दुसरी. स्त्री-पुरुषांत फरक दिसला तो मिळकत, रूप, वय यांच्या बाबतीत, आणि वर्तमानपत्रांतून गाजला तोही फरकच. पहिल्या क्रमांकावर एकमत होते ही बातमी त्यामानाने मागे राहिली.

मात्र दुसऱ्या प्रश्नाला भाई आणि वहिनी यांची वाट वेगळी झाली. चांगला स्वभाव कशावरून ओळखाल, असे विचारल्यावर भाई म्हणाले, "कुणाच्याही अडचणीला जो धावून जातो तो." वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी मुलगी बोलत असताना जो मोबाईल खाली ठेवील तो."

दया कुणावर, हा प्रश्न

या दोन उत्तरांतील अंतर हेच या प्रकरणाचे मर्म आहे, आणि त्यावर थेट संशोधनही झालेले आहे. आरन लुकाशेव्हस्की आणि जेम्स रोनी यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जोडीदार दयाळू असावा असे म्हणणाऱ्या लोकांना पुढचा प्रश्न विचारला: तो दयाळूपणा कुणाशी? स्वतःशी, आपल्या जवळच्यांशी की परक्यांशी? लोकांना सर्वांत अधिक हवा होता तो स्वतःशी व आपल्या माणसांशी असलेला दयाळूपणा. परक्यांविषयीच्या दयेची मागणी त्यामानाने बरीच कमी होती. म्हणजे सर्वेक्षणात "दयाळू" या शब्दावर खूण करणारा माणूस त्या शब्दाच्या आत एक अट मनातल्या मनात लिहीत असतो, आणि ती अट प्रश्नावलीत दिसत नाही.

हे ऐकायला स्वार्थी वाटते, पण त्यामागचे कारण समजले की तसे वाटत नाही. संसार हा असा व्यवहार आहे की ज्यातील बहुतेक कलमे कधीच लिहिली जात नाहीत. गोव्याचा कायदा घर आणि भूखंड अर्धे-अर्धे वाटू शकतो. पण आजारपणात रात्री कोण उठेल, कुणाची थट्टा कुठे थांबेल, एकाला फायदा आणि दुसऱ्याला त्रास असा प्रसंग आला तर पारडे कुणीकडे झुकेल, हे कोणत्याही दस्तऐवजात लिहिता येत नाही. तेथे एकच आधार उरतो, आणि तो म्हणजे जोडीदार निर्णय घेताना माझ्या सुखदुःखाला किती वजन देतो. रूप, पैसा, हुशारी हे गुण त्याच्याकडे काय आहे एवढेच सांगतात. त्यांचा वापर माझ्यासाठी होईल की माझ्याविरुद्ध, हे सांगणारा गुण दयाळूपणा आहे. 1995 साली लॉरी जेन्सन-कॅम्पबेल व तिच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत हेच दिसले: पुरुषाचा वरचढ, ठाम स्वभाव स्त्रियांना आकर्षक वाटला तो केवळ तो पुरुष दुसऱ्यांचा विचार करणाराही होता तेव्हाच. दयाळूपणा नसेल तर बाकीचे गुण धोक्याचेही ठरू शकतात, म्हणून त्याची जागा वरची.

आणि हे वजन मोठ्या प्रसंगातून कळत नाही, कारण मोठे प्रसंग फार थोडे येतात आणि त्या वेळी सगळे गाव पाहत असते. ते कळते रोजच्या क्षुल्लक गोष्टींतून, जेथे पाहणारे कुणी नसते आणि न केले तरी जाब विचारला जाणार नसतो. भाईंच्या घरी मोठ्या प्रसंगांची वानवा नव्हती. वहिनींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी भाई आठ दिवस इस्पितळातून हलले नव्हते, हे वहिनी स्वतःच सांगत होत्या. "पण मॅडम," त्या म्हणाल्या, "त्यासाठी मी रोज आजारी पडू का?"

चौदा रात्रींची वही

मी दोघांना वेगवेगळ्या वह्या दिल्या आणि चौदा दिवस, रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे, तीन गोष्टी लिहिण्यास सांगितले. आज मी तिच्यासाठी वा त्याच्यासाठी काय केले. तिने वा त्याने माझ्यासाठी काय केले असे मला दिसले. आणि आज मी सहज म्हणून काही सांगितले, दाखवले, विचारले तेव्हा समोरून काय आले. एकमेकांची वही वाचायची नाही, एवढा एकच नियम होता.

तिसऱ्या गोष्टीला थोडे स्पष्टीकरण हवे. जॉन गॉटमन या संशोधकाने वॉशिंग्टन विद्यापीठात नवविवाहित जोडप्यांना एका सदनिकेसारख्या प्रयोगशाळेत राहायला बोलावून त्यांच्या साध्या वागण्याचे चित्रण केले. त्यात त्याने मोजलेली गोष्ट आपल्याकडच्या एका जुन्या शब्दात नेमकी बसते, ती म्हणजे साद. "बाहेर बघ, केवढा पक्षी आहे" ही साद आहे. तिचा अर्थ पक्षी एवढाच नसून "क्षणभर माझ्याबरोबर ये" असा आहे. तिला तीन प्रकारे उत्तर मिळते: प्रतिसाद, दुर्लक्ष किंवा खेकसणे. गॉटमनने नोंदवले की सहा वर्षांनंतर ज्यांचा संसार टिकला होता त्या जोडप्यांनी सुरुवातीच्या काळात शंभरातील सुमारे 86 सादांना प्रतिसाद दिला होता, आणि ज्यांचा घटस्फोट झाला त्यांनी सुमारे 33 सादांना. हे आकडे फार ठिकाणी उद्धृत होतात, म्हणून एक इशारा देणे आवश्यक वाटते. दोन गटांच्या सरासरीतील हा फरक आहे. अमुक टक्क्यांखाली गेला की संसार मोडणार असे भाकीत त्यातून निघत नाही. ज्या जोडप्यांवरून सूत्र बसवले त्याच जोडप्यांवर ते अचूक ठरवणे सोपे असते, नव्या जोडप्यांवर ती अचूकता घसरते, हा आक्षेप या क्षेत्रातील इतर संशोधकांनी घेतलेला आहे. शिवाय तेथे कॅमेरा मोजत होता, येथे दुखावलेली माणसे स्वतःच मोजत होती.

वह्या परत आल्या तेव्हा भाईंनी पत्नीसाठी केलेल्या 41 गोष्टी लिहिल्या होत्या. त्यांपैकी वहिनींच्या वहीत फक्त 13 होत्या. वहिनींनी 64 गोष्टी लिहिल्या होत्या आणि भाईंच्या वहीत त्यांपैकी 19 सापडल्या. दोघेही खोटे लिहीत होते असे मला वाटत नाही. आपण केलेले सर्व काही आपल्या डोळ्यांसमोर घडते आणि दुसऱ्याने केलेले बरेचसे आपल्या पाठीमागे. म्हणूनच घरकामातील आपापला वाटा पती-पत्नींना वेगवेगळा विचारला तर दोन्हींची बेरीज शंभराच्या वर जाते, हे मायकेल रॉस व फियोरे सिकोली यांनी 1979 सालीच दाखवले होते. त्यात नाते नासलेले असेल तर डोळ्यांवर आणखी एक झापड येते. एलिझाबेथ रॉबिन्सन व गेल प्राइस यांनी 1980 च्या अभ्यासात जोडप्यांच्या घरी निरीक्षक बसवले, तेव्हा असमाधानी जोडप्यांनी एकमेकांच्या चांगल्या कृतींपैकी जवळजवळ निम्म्या टिपल्याच नव्हत्या.

भाईंच्या न दिसलेल्या गोष्टी वाचताना माझेही मत थोडे बदलले. वहिनींच्या स्कूटरमध्ये पेट्रोल कमी झाले की ते दुकानातून येताना बाटलीतून आणून भरत. विहिरीच्या पंपाची जाळी ते दर रविवारी पहाटे साफ करत, कारण पाणी बारीक आले की वहिनींचा सकाळचा सगळा क्रम बिघडतो. पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की वहिनींच्या आवडीचे उंडे पाव वेगळे काढून फडक्यात गुंडाळून ठेवत. सव्वीस वर्षांत यातील एकही गोष्ट ते बोलले नव्हते. बोलून दाखवली तर ती दया कसली, असा त्यांचा समज होता, आणि तो समज सर्वस्वी चुकीचाही नाही. नील बोल्जर व सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, न्यूयॉर्कची वकिलीची परीक्षा देणारे उमेदवार आणि त्यांचे जोडीदार रोज नोंदी लिहीत होते. जोडीदाराने मदत केली पण परीक्षार्थीच्या ती ध्यानातही आली नाही, अशा वेळी तिचा सर्वाधिक उपयोग झाला. दिसलेल्या मदतीने मात्र "मला झेपत नाही असे यांना वाटते" हा सल मागे राहत असावा.

मग भाईंचे चुकले कुठे? फरक असा की बोल्जरचे उमेदवार परीक्षेच्या तोंडावर होते आणि त्यांना मदतीची जाणीव नको होती. वहिनी कोणत्याही परीक्षेला बसलेल्या नव्हत्या. त्यांना पंपाची जाळी साफ हवी होतीच, पण त्यांचा प्रश्न पाण्याचा नव्हताच. आपण या माणसाच्या ध्यानात आहोत का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते, आणि त्याचे उत्तर अदृश्य मदतीतून मिळू शकत नव्हते.

उत्तर मिळू शकत होते ते सादांतून, आणि तेथेच खरा खड्डा होता. चौदा दिवसांत वहिनींनी 52 सादा नोंदवल्या. त्यांपैकी 19 सादांना प्रतिसाद मिळाला, 28 वाऱ्यावर गेल्या आणि 5 वेळा भाई खेकसले. वाऱ्यावर गेलेल्या 28 पैकी 17 वेळा भाई फोनवर होते, आणि त्या बहुतेक फोनवर ते दुसऱ्या कुणाची तरी अडचण सोडवत होते. एक नोंद मी जशीच्या तशी देते: "परसातल्या कापा फणसाला पहिल्यांदाच फळ धरलं. लावला तेव्हा मुलगी दुसरीत होती. मी म्हटलं, अहो, या ना, एक गंमत दाखवते. ते म्हणाले, हं. मग समितीचा फोन आला. मी एकटीच बघून आले."

भाईंच्या वहीत तो दिवस चांगला गेल्याची नोंद होती. त्यांना ती साद ऐकूच आली नव्हती.

चांगली बातमी आणि काळजीचे उत्तर

दुर्लक्षापेक्षाही अधिक नुकसान करणारी एक सवय वहीत सापडली आणि ती ओळखायला वेळ लागला, कारण ती काळजीचा वेश घेऊन येत होती. मे महिन्यात वहिनींच्या गटाला पणजीच्या एका दुकानाकडून 40 किलो कोकमाच्या सोलांची मागणी मिळाली. गटासाठी ती तोवरची सर्वांत मोठी मागणी होती. वहिनी ही बातमी घेऊन दुकानापर्यंत चालत गेल्या. भाई म्हणाले, "एवढी भिरंडं वाळवायला तुम्हाला ऊन मिळणार आहे का? पाऊस तोंडावर आलाय."

शंका रास्त होती. जूनच्या पहिल्या सरी कधी येतील त्याचा गोव्यात नेम नसतो आणि अर्धवट वाळलेल्या सोलांना बुरशी धरते. पण शेली गेबल हिने 2004 साली व नंतर केलेल्या अभ्यासांत चांगल्या बातमीला मिळणाऱ्या प्रतिसादांचे चार प्रकार पाडले आहेत, आणि त्यांपैकी नात्याला पोसणारा प्रकार एकच आहे: उत्सुकतेने, प्रश्न विचारत त्या आनंदात सामील होणे. थंडपणे "बरं झालं" म्हणणे, विषय बदलणे आणि बातमीतील खोट दाखवणे हे तिन्ही प्रकार नात्याच्या समाधानाशी उलट्या दिशेने जोडलेले आढळतात. तिच्या पुढच्या अभ्यासात असेही दिसले की जोडीदार आपल्या सुखाच्या गोष्टी कशा ऐकतो यावरून नात्याच्या प्रकृतीचा अंदाज, तो दुःखाच्या गोष्टी कशा ऐकतो त्यापेक्षाही अधिक चांगला बांधता येतो. संकटाला धावून जाणाऱ्या भाईंना हे पटवून देणे सर्वांत कठीण गेले. संकट हीच त्यांना साद वाटत असे. ज्याला काही दुखत नाही त्याला आपली काय गरज, असा त्यांचा प्रामाणिक प्रश्न होता.

वहिनींकडेही हिशेब होता, तो येथे झाकून ठेवणे बरोबर नाही. भाईंनी 23 सादा नोंदवल्या होत्या. 12 सादांना प्रतिसाद, 4 वेळा दुर्लक्ष आणि तब्बल 7 वेळा टोमणा. "आले आमचे धर्मराज" हे वाक्य वहिनी मुलीसमोर, कधी पाहुण्यांसमोरही बोलत. दुखावल्या होत्या हे खरे, पण भांडणातील राग आणि तुच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राग म्हणतो "तुम्ही हे केले नाही". तुच्छता म्हणते "तुम्ही माणूसच असे". गॉटमनच्या निरीक्षणांत मोडणाऱ्या संसाराची सर्वांत ठळक खूण तुच्छता हीच आहे, आणि तिची अडचण अशी की ती समोरच्याला घराबाहेर ढकलते. भाईंना गावात "धर्मराज" हा मान होता आणि घरात तीच शिवी होती. माणूस कुठे अधिक वेळ घालवील हे सांगायला संशोधनाची गरज नाही.

तीन सवयी आणि गणेशचवथीतली माघार

उपाय म्हणून मी तीनच सवयी सुचवल्या. भाईंचा फोन रात्री आठ ते पावणेनऊ या वेळेत देवघराबाहेरच्या फळीवर राहील. खरोखर अडचणीचा फोन आला तर तो घ्यायचा, पण साद मध्येच तुटली असेल तर नंतर स्वतःहून विचारायचे, "तू काहीतरी सांगत होतीस ना?" दुसरी सवय चांगल्या बातमीची: काळजी व्यक्त करण्यापूर्वी दोन प्रश्न, तेही बातमीच्या आनंदाबद्दलचे. तिसरी दोघांसाठी होती, दिवसातून एकदा समोरच्याने केलेली एक गोष्ट आपल्याला दिसली हे बोलून दाखवायचे. त्यासोबत वहिनींनी "धर्मराज" हा एक शब्द वापरायचा नाही, एवढे ठरले.

तिसऱ्या आठवड्यात तिसरी सवय बिघडली. रोज एक गोष्ट सांगायची म्हटल्यावर भाई दुकानदाराच्या पद्धतीने ती नोंदवू लागले. "आज मी दोन सांगितल्या, तू एकच," असे त्यांनी म्हटल्यावर वहिनी उठून आत गेल्या. मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स यांनी 1979 पासून मांडलेला भेद येथे उपयोगी आहे: परक्यांशी व्यवहारात उपकाराची फेड लगेच झालेली बरी वाटते, पण जवळच्या नात्यात नेमका हिशेब ठेवला की जवळीकच खोटी वाटू लागते. चूक माझी होती. निदानासाठी मोजणे वेगळे आणि रोज मोजत जगणे वेगळे, हे मी पुरेसे बजावले नव्हते. आम्ही वह्या बंद केल्या आणि तिसरी सवय "रोज"ऐवजी "जेव्हा दिसेल तेव्हा" अशी केली.

खरी कसोटी चवथीत लागली. गोव्यात चवथीच्या आदल्या दिवशी घरोघरी माटोळी बांधायची असते. रानातली फळे, शिप्टे, कांगले गोळा करून गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट भरायची असते. भाई दरवर्षी तीन-चार घरांची माटोळी बांधून देत आणि स्वतःच्या घरची सर्वांत शेवटी, मध्यरात्री, बरेचदा पुतण्याकडून उरकून घेत. यंदा आधी घरचे, असे त्यांनी ठरवले होते; तरी ते दुपारी तीनला गेले ते रात्री अकराला परतले, आणि फोनही उचलला नाही. वहिनींनी तो शब्द वापरला नाही, पण बोलल्याही नाहीत.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते त्यानंतर काय झाले. सवय सुटणे हे अपयशाचे लक्षण नव्हे, ती सर्वांचीच सुटते. पाहायचे असते ते सुटल्यावर परत यायला किती वेळ लागतो आणि परत येणारा काय बोलतो. पूर्वीच्या अशा प्रसंगानंतर भाई म्हणत, "त्यांच्याकडे करणारं कुणी नव्हतं." या वेळी ते आंघोळ करून आले, वहिनींनी एकटीने अर्धी बांधलेली माटोळी त्यांनी पाहिली आणि म्हणाले, "तू वाट बघत होतीस. मला कळत होतं आणि तरी मी निघालो नाही." मग दोघांनी पहाटे दोनपर्यंत उरलेली बांधली. या वेळच्या बोलण्यात कारण नाही, आणि दुसऱ्याच्या बाजूने पाहिलेले दृश्य आहे. सव्वीस वर्षांत असे वाक्य पहिल्यांदा ऐकले, असे वहिनींनी पुढच्या भेटीत सांगितले आणि लगेच जोडले, "फळं मात्र उलटीसुलटी बांधली हो त्यांनी."

सप्टेंबरच्या अखेरीस एक आठवड्यासाठी पुन्हा वह्या उघडल्या. वहिनींच्या 29 सादांपैकी 20 सादांना प्रतिसाद मिळाला होता. त्यांतील 6 प्रतिसाद उशिरा, फोन संपल्यावर स्वतःहून विचारून आलेले होते. 8 वाऱ्यावर गेल्या आणि एकदा भाई खेकसले. हा आकडा एका आठवड्याचा, तोही वही उघडी आहे हे ठाऊक असतानाचा, म्हणून त्यावर मी फार भार टाकत नाही. वहिनींच्या सादांचा आशय बदलला होता, ते मला अधिक सांगणारे वाटले. मे महिन्यात त्या बहुतांशी भाजी, वीजबिल, गॅस याविषयी होत्या. आता त्यात "मला काल एक स्वप्न पडलं" अशीही एक होती.

भूखंड विकला गेला नाही. भाईंनी सहीचा कागद पुढे करण्याआधी प्रथमच मित्राच्या आजाराविषयी वहिनींशी बसून बोलणे केले, आणि तेव्हा कळले की त्या मित्राच्या पत्नीला वहिनी भाईंपेक्षाही जवळून ओळखत होत्या. मुदतठेवीतील काही रक्कम देण्याचे दोघांनी ठरवले. हा निर्णय अधिक शहाणपणाचा होता की नाही हे मी सांगू शकत नाही. तो दोघांचा होता, एवढे नक्की.

राहता राहिला मुलीसाठीच्या स्थळाचा प्रश्न. कांदेपोह्यांच्या तासाभरात स्वभाव कळत नाही, हे सगळेच म्हणतात. पहिल्या भेटीत माणसे स्वतः सांगितलेल्या पसंतीप्रमाणे निवड करत नाहीत, हे पॉल ईस्टविक व ईलाय फिंकेल यांच्या 2008 मधील झटपट भेटींच्या अभ्यासातही दिसले आहे. तो वेटरशी कसा बोलतो ते पाहा, असा सल्ला अलीकडे सर्रास दिला जातो. तो वाईट नाही, पण त्यातून उद्धटपणा तेवढा वगळता येतो. वेटरशी गोड बोलण्याच्या कसोटीत भाई तीस वर्षांपूर्वीही पहिले आले असते. मी वहिनींना सुचवले की आपल्या मुलीने सहज सांगितलेली, बिनमहत्त्वाची एखादी गोष्ट त्याच्या ध्यानात राहते का, तेवढे पाहा, आणि त्यासाठी दोन भेटींत थोडे अंतर जाऊ द्या.

जूनमध्ये आलेला एक मुलगा भाईंना फारसा रुचला नव्हता. फार कमी बोलतो, असे त्यांचे मत झाले होते. त्या दिवशी अचानक सर आली होती आणि मुलगी बोलता बोलता उठून आईची अंगणातील सोले उचलायला धावली होती. चवथीनंतर तो दुसऱ्यांदा आला. चहा घेऊन झाल्यावर त्याने वहिनींना विचारले, "काकू, त्या दिवशी भिजलेल्या सोलांचं पुढं काय झालं? दुकानवाल्यानं घेतली का?"

भाईंचा फोन त्याच वेळी फळीवर वाजत होता. मुलीने मला सांगितले की तो वाजून वाजून बंद झाला, आणि भाई त्या मुलाला सांगत होते की 40 पैकी 34 किलो सोले कशी वाचली आणि ती रात्रभर चुलीजवळ वाळवण्याची युक्ती कुणाची होती.